एक पायरी मागे

शेवंती घाडीगावकर पंचावन्नाव्या वर्षी इंग्रजी शिकायला लागली, ती जगाशी नातं जोडायला वगैरे नाही. ती शिवाजी पार्कच्या मृणालिनी विजयकरांकडे अकरा वर्षं स्वयंपाक करत होती आणि बाईंची एक सवय होती. घरात काही महत्त्वाचं बोलायचं असलं की बाई स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायच्या आणि इंग्रजीत शिरायच्या. दार लोटून घेण्यापेक्षा हे सोपं पडायचं. शेवंती आत खोबरं वाटत असायची आणि बाहेर एवढी मोठमोठी गुपितं इंग्रजीतून फिरायची की तिला वाटायचं, आपण मिक्सर नाही, दूतावास चालवतोय.

शेवंतीने कामाला लागताना शपथ घेतली होती. आधीच्या स्वयंपाकीणबाईने घरातल्या गोष्टी सगळ्या इमारतीला पोचवल्या होत्या, म्हणून मृणालिनीबाईंनी नवीला देव्हाऱ्यासमोर उभं केलं होतं.

"इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, म्हण."

"इथलं बोलणं बाहेर जाणार नाही," शेवंती म्हणाली होती, आणि अकरा वर्षं ते पाळलं होतं. एकदा शेजारणीने हजार रुपये देऊ करून विचारलं, तेव्हा शेवंतीने तिला फक्त भानोलं कसं करतात ते सांगितलं होतं, तेही मीठ वगळून.

पण न सांगणं वेगळं आणि न कळणं वेगळं. आपल्याला कळतच नाही हे शेवंतीला झोंबायचं. म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीन ते साडेचार ती फणसवाडीतल्या एका पहिल्या मजल्यावरच्या खोलीत जाऊन बसायची. बाईंना सांगितलं होतं, कंबरेला शेक घ्यायला जाते.

तिथे चिंतामणी विजयकर सर फुकट इंग्रजी शिकवायचे. हे मृणालिनीबाईंचे थोरले भाऊ. फणसवाडीची ती खोली दोघा बहीणभावांच्या नावावर होती, त्यांच्या आजोबांपासूनची. सर निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, बायको जाऊन सात, राहायला ते परळला मुलाकडे, सिद्धार्थकडे. परळच्या घरात त्यांचं एक कपाट होतं. फणसवाडीत एक फळा, चार बाकं आणि त्यांना 'सर' म्हणणारी चौदा माणसं होती.

आता तुम्ही विचाराल, सर महिन्यातून एकदा रविवारी बहिणीकडे जेवायला येत, शेवंतीच्या हातचं खात, मग वर्गात तिला ओळखत कसे नव्हते? तर जुन्या मुंबईची माणसं ताट बघतात, वाढणारा हात फार तर मनगटापर्यंत बघतात. सरांना शेवंतीच्या हातचं भुजणं चवीवरून ओळखता आलं असतं. शेवंती नाही. आणि शेवंतीने आपणहून ओळख दिली नाही, कारण तेही इथलं बोलणं बाहेर गेल्यासारखंच झालं असतं.

त्या महिन्यात वर्गात चालू होतं दुसऱ्याचं बोलणं सांगणं.

"मराठी माणूस," सर फळ्यासमोर म्हणाले, "दुसऱ्याचं बोलणं तोंडासकट उचलून आणतो. 'तो म्हणाला, मी उद्या येतो.' आता हा 'मी' कोण? उद्या म्हणजे कधी? मराठीत कुणाला प्रश्न पडत नाही, कारण आपण नक्कल करत सांगतो. इंग्रजीत नक्कल चालत नाही. 'ही सेड' म्हटलंत की बोलणं जुनं झालं. मग आतला काळ एक पायरी मागे. 'इज'चं 'वॉज'. 'विल'चं 'वुड'. 'हॅव टोल्ड'चं 'हॅड टोल्ड'. आणि 'आय' जर त्याचा असेल तर तो 'ही' होतो. काय करायचं?"

"एक पायरी मागे," वर्ग म्हणाला.

"आणि तुम्ही सगळे काय करता?"

"विसरतो," चिंचपोकळीचा स्वप्नील म्हणाला. तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात होता आणि कॉल सेंटरच्या दोन मुलाखतींत पडला होता.

गृहपाठ असा होता: घरात किंवा कामावर खरंच झालेलं बोलणं लिहून आणायचं. बनावट नको. नावं घालायची नाहीत, उगीच कुणाची बेअब्रू नको.

शेवंतीने मान डोलावली आणि दोनच दिवसांत तिला खरं बोलणं मिळालं.

गुरुवारी सकाळी सिद्धार्थ आत्याकडे आला. बाईंनी स्वयंपाकघराकडे बघितलं. मग इंग्रजी. शेवंतीने मिक्सर बंद केला आणि हाताने वाटायला घेतलं.

तिला सगळे शब्द नाही, पण पुरेसे कळले. बाई म्हणाल्या, आपण खोली विकतोय. दलालाला मी सांगितलंय. पुढच्या रविवारी चिंतू जेवायला येईल तेव्हा सही करेल, त्याला सांगायचं की इमारतीच्या दुरुस्तीचा कागद आहे. चिंतू काही वाचत नाही, फक्त स्वल्पविराम वाचतो. हे खरं होतं. सरांनी मागे गॅसच्या अर्जात सात चुका दुरुस्त करून सही केली होती आणि तीन महिन्यांनी त्यांना कळलं की कनेक्शन आता बहिणीच्या नावावर आहे.

मग सिद्धार्थने विचारलं, क्लास नसला तर बाबा काय करतील?

बाई म्हणाल्या, होईल सवय.

शेवंतीचा वरवंटा थांबला. रविवार यायला दहा दिवस होते. तिच्यासमोर दोन वाटा होत्या: सरांना सांगून शपथ मोडायची, किंवा गप्प राहून खोली जाऊ द्यायची. वाटण संपेपर्यंत तिला तिसरी सापडली. शपथ मराठीत घेतली होती. आणि गृहपाठ तर द्यायलाच हवा.

शुक्रवारी ती उभी राहिली आणि वाचायला लागली.

"मॅडम सेड दॅट वी आर सेलिंग द रूम."

"वी?" सर म्हणाले. "तुम्ही आणि मॅडम भागीदार आहात का?"

वर्ग हसला.

"दे, सर."

"दे आर?"

"दे वेअर."

"शाब्बास. दे वेअर सेलिंग. पुढे."

"शी सेड दॅट ब्रदर विल साइन ऑन संडे."

"विल!" सरांनी छातीवर गोळी लागल्यासारखा हात ठेवला. "आणि हर ब्रदर. पुढे."

"शी सेड, ब्रदर रीड्स ओन्ली द कॉमाज."

"रेड. उच्चार लाल रंगासारखा. पण कॉमाज हा शब्द छान वापरलात. कुठून आणलात?"

"मॅडमनी आणला, सर."

"सुसंस्कृत बाई दिसते," सर म्हणाले आणि पुढच्याला उभं केलं.

वर्ग सुटल्यावर स्वप्नीलने जिन्यातच तिला गाठलं.

"काकी, ती रूम म्हणजे ही रूम ना?"

"मी काय बोलले नाय. गृहपाठ आहे."

"आणि ब्रदर म्हणजे हे येडं?"

"सरांना येडं बोलू नको."

"मी सांगतो त्यांना. डायरेक्ट."

"अजिबात नाय. माझं ऐकून तू सांगितलंस तर ते माझंच सांगणं झालं. माझ्या देवाला काय मी उत्तर देऊ, स्वप्नील बोलला म्हणून?"

तरी मंगळवारी पोराला राहवलं नाही. शेवंतीने सुधारून आणलेला तोच गृहपाठ वाचला, नव्या चार चुकांसह, आणि सर 'आस्क्ड दॅट व्हॉट विल ही डू' या वाक्याची चिरफाड करत असताना स्वप्नील मध्येच उठला.

"सर! द रूम इज धिस रूम!"

सर त्याच्याकडे बघतच राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला.

"वा! मी विसरलोच होतो. बसा बसा, सगळ्यांनी लिहून घ्या. बोलणाऱ्याने 'धिस' म्हटलं तर सांगताना 'दॅट' होतं. धिस रूमचं दॅट रूम. स्वप्नील, तुम्ही खूप सुधारलात."

स्वप्नील खाली बसला. शेजारी परळच्या इस्पितळात नर्स असलेली मेघना होती. ती कुजबुजली, "सरांना भूल दिलेली नाहीये ना कुणी?"

"उपजत आहे," स्वप्नील म्हणाला.

शेवंतीला त्या दिवशी जिना उतरताना गोष्ट समजली. चूक असली की सरांना चूक दिसते आणि मजकूर दिसत नाही. माशीकडे बघणारा माणूस ताट बघत नाही. आपण जोवर 'विल' म्हणत राहू तोवर सर त्या 'विल'वरच बसून राहणार आणि रविवारी सही करून येणार. सरांनी ऐकावं असं वाटत असेल तर त्यांना धरायला एकसुद्धा चूक ठेवता कामा नये. मेघना आणि स्वप्नील दोघं तिच्याबरोबर चालत होती. कोपऱ्यावरच्या दुकानात चहा घेत तिघांनी मिळून एकेक ओळ धुवून काढली.

"'आय हॅव टोल्ड द एजंट'," मेघना म्हणाली. "एक पायरी मागे?"

"शी हॅड टोल्ड."

"भाच्याचा प्रश्न?"

"ही आस्क्ड दॅट..."

"दॅट नको ना, काकी! प्रश्नाला दॅट लागत नाही. आणि प्रश्न विचारल्यासारखा उलटा पण नाही करायचा. सरळ. व्हॉट हिज फादर वुड डू."

"प्रश्न आहे आणि प्रश्नासारखा दिसत नाय?"

"हो. चिन्हसुद्धा नाही शेवटी."

शेवंतीला ते पटलं. सासरी तिने तीस वर्षं असेच प्रश्न विचारले होते.

बुधवारी आणि गुरुवारी लालबागच्या खोलीत तिने भाकऱ्या थापता थापता पाठ केलं. तिचा नवरा दौलत, गिरणी बंद पडल्यापासून वॉचमन आणि गुडघे बंद पडल्यापासून घरी, पलंगावर बसून ऐकत होता.

"शी सेड शी हॅड टोल्ड दि एजंट."

"गे, ह्या तू शिकतंस काय चहाडी करतंस?"

"गृहपाठ आसा."

"माझ्या वक्ताक गृहपाठात गाय होती."

"तुमी काय शिकलात? गाय?"

दौलतने गुडघा चोळला. मग म्हणाला, "पण ता हॅड हॅड बरा वाटता. घोड्याच्या टापांसारखा."

शुक्रवारी, सहीच्या दोन दिवस आधी, सरांनी लाल पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "शेवंतीबाई, तीच कथा? आज निदान 'वुड' येऊ द्या."

ती उभी राहिली. वही हातात होती, पण तिने ती उघडली नाही. आवाज भाजीवालीशी बोलतानाचा, म्हणजे घासाघीस करायची नसताना असतो तो, सरळ.

मॅडम सेड दॅट दे वेअर सेलिंग द रूम इन फणसवाडी.

सरांचं पेन वर झालं आणि तिथेच राहिलं.

शी सेड दॅट शी हॅड टोल्ड दि एजंट. शी सेड दॅट हर ब्रदर वुड साइन ऑन संडे. शी सेड दॅट दे वुड टेल हिम इट वॉज अ पेपर फॉर रिपेअर्स. शी सेड दॅट ही रेड ओन्ली द कॉमाज.

पेन हवेत शोधत होतं. 'आर' नव्हतं, 'विल' नव्हतं, 'हॅव' नव्हतं. सर एकेका वाक्याच्या शेवटाशी जाऊन रिकाम्या हाताने परत येत होते. खाली गल्लीत कुणीतरी हातगाडी ओढत होतं तिचा आवाज वर आला.

हर नेफ्यू आस्क्ड व्हॉट हिज फादर वुड डू विदाउट द क्लास. मॅडम सेड दॅट ही वुड गेट यूज्ड टू इट.

शेवंती खाली बसली.

स्वप्नीलने मेघनाच्या पायावर पाय दिला. मग सर म्हणाले, "पुन्हा वाचा." तिने पुन्हा म्हटलं. पहिल्यापेक्षा सावकाश. या वेळी सरांनी पेन खाली ठेवलं होतं आणि पहिल्यांदाच ते वाक्य ऐकत नव्हते, बातमी ऐकत होते.

"हा ब्रदर कोण?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नाव घालायचं नाय असं तुम्हीच बोलला होतात, सर."

"हो. बोललो होतो." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि अकरा वर्षांत प्रथमच तिच्या मनगटाच्या वर बघितलं. कुठे काम करता, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांचा चेहरा मात्र असा झाला, जशी जिभेवर एखादी ओळखीची चव येते आणि पदार्थाचं नाव आठवत नाही.

वर्गाला काहीतरी सांगायला हवं होतं, म्हणून ते फळ्याकडे वळले.

"एक अपवाद राहिला होता," ते म्हणाले. "बोललेली गोष्ट अजून खरी असेल, किंवा अजून व्हायची असेल, तर पायरी मागे गेलंच पाहिजे असं नाही. आज शुक्रवार आहे. रविवार यायचाय. तेव्हा शेवंतीबाईंच्या वाक्यात 'वुड साइन' बरोबर आहे. पण 'विल साइन'सुद्धा चुकीचं नाही. शेवंतीबाई, तुम्ही काय ठेवाल?"

"ते त्या ब्रदरवर आहे, सर," शेवंती म्हणाली.

वर्गाच्या शेवटी सगळे गेल्यावर ते दारात थांबले. "भाच्याने ते खरंच विचारलं होतं? वडलांचं? की वाक्य नीट बसावं म्हणून घातलंत?"

"बनावट नको म्हणाला होतात."

सरांनी मान हलवली आणि दाराला कुलूप लावलं.

रविवारी शिवाजी पार्कला जेवणात भुजणं होतं, तळलेला रावस होता आणि मृणालिनीबाई नको तेवढ्या गोड होत्या. सिद्धार्थ ताटाकडे बघत जेवत होता. श्रीखंडाच्या आधी कागद आला. बाईंनी तो पाण्याच्या भांड्याला टेकवून ठेवला.

"चिंतू, इमारतीच्या दुरुस्तीचं आहे. सही कर, म्हणजे झालं."

सरांनी कागद घेतला. लाल पेन काढलं. पहिल्या ओळीत त्यांनी एक स्वल्पविराम घातला आणि बाईंनी सिद्धार्थकडे बघून भुवई उंचावली. दुसऱ्या ओळीत एक 'द' घातला. तिसऱ्यावर ते थांबले, कागद तोंडापासून दूर धरला आणि शांतपणे, वर्गातल्या आवाजात म्हणाले,

"यू सेड दॅट आय रेड ओन्ली द कॉमाज."

भांड्याला चमचा लागला. सिद्धार्थचा.

"यू सेड दॅट यू हॅड टोल्ड दि एजंट," सर म्हणाले. "यू सेड दॅट आय वुड गेट यूज्ड टू इट. मिनू, होईलही सवय. पण सही नाही होणार." मग ते मुलाकडे वळले आणि मराठीत आले. "तू विचारलंस म्हणे माझ्याबद्दल. बरं केलंस. पुढच्या वेळी मलाच विचार."

"सॉरी, बाबा," सिद्धार्थ म्हणाला. त्याचे कान रावसाच्या मसाल्याच्या रंगाचे झाले होते.

मृणालिनीबाई भावाकडे बघत नव्हत्या. त्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होत्या. दारातून शेवंती श्रीखंडाच्या वाट्या घेऊन आली. तिने बाईंची वाटी ठेवली, सिद्धार्थची ठेवली, सरांची ठेवली.

"थँक यू, शेवंतीबाई," सर म्हणाले.

या घरात तिला आजवर कुणी बाई म्हटलं नव्हतं. मृणालिनीबाईंच्या डोक्यात सगळे मणी एका दोऱ्यात गेले: मंगळवार, शुक्रवार, कंबर, शेक.

"शेवंती," त्या म्हणाल्या. "तू देवासमोर शपथ घेतली होतीस."

"मोडली नाय, बाई. इथलं मराठीतलं बोलणं अकरा वर्षांत एक अक्षर बाहेर नाय गेलं. इंग्रजीचं तुम्ही बोलला नव्हतात. तुमचाच अंदाज होता की मला येत नाय."

घालवून द्यायचं तर बाई कारण काय सांगणार होत्या? आमच्या स्वयंपाकीणबाईला इंग्रजी कळतं म्हणून? शिवाय भुजणं. तोच विचार त्यांच्या चेहऱ्यावर दिसला आणि तोच जिंकला.

सरांनी कागदावरच्या उरलेल्या चुका दुरुस्त केल्या, एकूण नऊ, खाली दहापैकी एक गुण दिला आणि सही न करता तो बहिणीला परत दिला. मग श्रीखंड खाल्लं.

फणसवाडीचा वर्ग मंगळवारी नेहमीसारखा भरला. शेवंती आता शेक घ्यायला जाते असं सांगत नाही. इंग्रजीला जाते असं सांगते. सर 'जर-तर'च्या वाक्यांवर आले आहेत आणि स्वप्नील म्हणतो की मागचं बरं होतं.

मृणालिनीबाईंनी त्या आठवड्यात सिद्धार्थला पुन्हा बोलावलं. खोलीचाच काहीतरी दुसरा विचार असावा. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. शेवंती पाठमोरी खोबरं वाटत होती. बाई जरा थांबल्या. त्यांचं बालपण गिरगावात गेलं होतं, सिद्धार्थची बायको सुरतेची होती. त्या घसा साफ करून अस्खलित गुजरातीत शिरल्या.

शेवंतीने मिक्सर बंद केला. लग्नाआधी सहा वर्षं ती भुलेश्वरला एका गुजराती भाटिया कुटुंबात भाकऱ्या करायला होती. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि फळीवरच्या डब्यामागून गृहपाठाची वही काढली.